पाचाला टेकलेला काटा

नातीच्या शाळेतून निरोप आला, पुठ्ठ्याचं घड्याळ करून पाठवा. अप्पा बळवंत चौकात तयार मिळतं, हे मला ठाऊक होतं. पण घरात मिठाईचं रिकामं खोकं होतं आणि बाहेर पाऊस.

झाकणावर ताटली ठेवून गोल आखला. बाईसाहेबांनी एकपासून ओळीनं आकडे लिहिले, ते नवाच्या जागीच संपले. उरलेल्या जागेत तिनं मांजर काढलं. दुसऱ्या झाकणावर आधी बारा आणि सहा समोरासमोर लिहिले, मग तीन आणि नऊ, मग प्रत्येक फटीत दोन-दोन. मांजराला जागा उरली नाही, याचं तिला वाईट वाटलं.

मग दिवसाच्या चिठ्ठ्या केल्या: दात, आंघोळ, शाळेची रिक्षा, दूध, खेळ, जेवण. चित्रं तिची. क्रम तिनं झटक्यात लावला. घड्याळाभोवती मांडताना मात्र रिक्षा आणि रात्रीचं जेवण दोन्ही आठापाशी आली. "आजी, मी जेवायला रिक्षातून जाते का?" तेव्हा सकाळच्या चिठ्ठ्यांना पिवळी कड केली, दुपारनंतरच्यांना निळी. छोटा काटा दिवसाला दोन फेऱ्या मारतो, हे तिला त्या कडांवरून कळलं.

खरा घोळ साडेचारच्या दुधाला झाला. मोठा काटा सहावर, छोटा थेट चारावर. भिंतीवरच्या घड्याळात तो चार-पाचाच्या मधोमध असतो, कारण आत दाते आहेत: मोठ्याची एक फेरी होईतो छोटा एक घर सरकतो. पुठ्ठ्यात नुसती पिन, दोन्ही काटे आपापल्या मर्जीचे. मी मोठा काटा काढूनच टाकला.

आणि गंमत म्हणजे आपले शब्द त्या छोट्या काट्याचेच निघाले. चाराच्या जरा पुढे, सव्वाचार. मधोमध, साडेचार. पाचाला टेकत आला, पावणेपाच. आधी ती हटून बसायची, "पाच कुठे वाजलेत अजून?" मोबाइलवर चार पंचेचाळीस दिसतं, तिचंही खरंच. पण काटा पाचाच्या अंगाला लागलेला बघितल्यावर तिनं स्वतःच सांगितलं, पाचाला पाव कमी. साडेएक आणि साडेदोन मात्र ती म्हणतच राहिली. दीड-अडीचला युक्ती नाही, ते पाठच करायचे. चार सत्तावीसही या घड्याळात दिसत नाहीत. त्यासाठी मोठा काटा परत येईल, पाचाचा पाढा आल्यावर.

काल खेळाची चिठ्ठी सहाशी होती. भिंतीवर सव्वापाच. बाईसाहेबांनी पुठ्ठ्याचा काटा बोटानं सहाला टेकवला, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "आजी, पावणेसहा. जिना उतरेपर्यंत होतीलच."