सरनेमच्या रकान्यात काय घालायचं?

"आमच्या आईच्या पासपोर्टवर एकच नाव आहे, सरनेम रिकामं. आता व्हिसाच्या आणि तिकिटाच्या फॉर्मात सरनेम भरल्याशिवाय पुढं सरकतच नाही. काय घालू?"

घरचं आडनाव घालू नका. हे आधी सांगतो, कारण फॉर्म अडला की नव्वद टक्के लोकांचा हात तिकडंच जातो. पासपोर्टवर जो शब्द छापलेला नाही तो तिकिटावर जाता कामा नये, मग सगळा गाव तुमच्या आईला पाटलीणबाई म्हणून ओळखत असला तरी. रकाना भरायचा तो पासपोर्टवरच्याच शब्दानं, आणि कसा भरायचा हे तो फॉर्म ज्याचा आहे तो ठरवतो. अमेरिकेची पद्धत वेगळी, कॅनडाची वेगळी, विमान कंपन्यांची आणखी वेगळी, आणि दुबई-शारजाला तर प्रश्न फॉर्मचा नाहीच, आत सोडतात की नाही याचा आहे.

माझं खानापुरात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यामुळं असे पासपोर्ट हातात येतच राहतात, आणि जास्त करून बायकांचेच. आपल्याकडं कागद कसे तयार झालेत बघा, जुनं रेशन कार्ड, मतदार यादी, सगळीकडं बाईचं एकच नाव आणि खालच्या ओळीत नवऱ्याचं किंवा बापाचं. कन्नड घरांत तर नावापुढं बापाचं नुसतं एक अक्षर लावून भागतं, आडनाव लिहायची रीतच बऱ्याच ठिकाणी नाही. आपल्या मराठी घरात आडनाव असतंय, पण ते तोंडावर, कागदावर नाही. मग त्याच कागदांवरून आधार झालं, आधारावरून पासपोर्ट झाला, पासपोर्टच्या फॉर्मात सरनेम सक्तीचं नाही म्हणून तो रकाना तसाच रिकामा राहिला, आणि कुणाचं काही अडलं नाही. अडतं ते पोरगं गल्फला लागल्यावर.

माझ्या आत्याचंच सांगतो. नाव यल्लूबाई, पासपोर्टवर गिव्हन नेम YALLUBAI आणि सरनेमच्या जागी काहीच नाही. पोरगा शारजाला, सून बाळंतपणाला आलेली, म्हणून आत्याला तीन महिने बोलावलेलं. धाकट्या भाच्यानं मोबाईलवरून गोव्याहून तिकीट काढलं, सरनेम मागितलं तसं त्यानं घरचं आडनाव टाकलं आणि पैसे भरून मोकळा झाला. चोर्ला घाटातनं रात्री गाडी करून एअरपोर्टवर गेले, काउंटरवरच्या पोरीनं पासपोर्ट मशीनला लावला, तिकीट बघितलं, परत पासपोर्ट बघितला आणि म्हणाली, हे आडनाव पासपोर्टवर कुठाय? भाच्यानं आधार कार्ड पुढं केलं, त्यावरपण नुसतं यल्लूबाई. स्पेलिंगमधलं एखादं अक्षर चुकलं असतं तर तिथल्या तिथं दुरुस्त करून दिलं असतं, पण अख्खं आडनाव काढणं म्हणजे त्यांच्या हिशोबानं माणूसच बदलणं. तिकीट गेलं. आत्या बाकड्यावर लाडवाचा डबा मांडीवर धरून बसलेली, आणि मला फोनवर एकच विचारत होती, "अरे, माझं नाव खोटं हाय काय?"

नाव खोटं नव्हतं. मशीन पासपोर्टच्या खालच्या दोन ओळी वाचतं, आणि त्या ओळींत आडनाव नव्हतंच.

दुसऱ्या वेळी मी स्वतः बसलो. तिकिटाच्या आधी शारजाचा नियम बघायचा होता, कारण यूएईनं २१ नोव्हेंबर २०२२ पासून असं केलंय की पासपोर्टवर एकच शब्द असेल, मग तो गिव्हन नेममध्ये असो नाहीतर सरनेममध्ये, तर व्हिजिट व्हिसावर आत घेत नाहीत. तिथं पोचलेल्या माणसाला परत पाठवतात, आणि परत पाठवायची जबाबदारी कंपनीवर येते म्हणून कंपनी इथूनच चढू देत नाही. हे ऐकून लोक घाबरतात आणि पासपोर्ट घरात ठेवून देतात. पण त्याच वेळी त्यांनी खुलासापण केला होता, की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर, म्हणजे आपल्या भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर, वडलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालतं. आत्याच्या शेवटच्या पानावर वडलांचं नाव होतं, BHARMA. तेवढ्या एका शब्दावर तिचं जाणं सुटलं.

म्हणून दुबईचं असलं की दुकानात मी आधी शेवटचं पान उघडायला सांगतो, फॉर्म नंतर. तिथं वडलांच्या नावाची जागापण रिकामी असेल तर एक रुपया भरू नका, पासपोर्ट दुरुस्त होईपर्यंत थांबा. नाव असेल तर व्हिसाच्या अर्जाला पहिलं आणि शेवटचं अशी दोन्ही पानं स्कॅन करून लावा, आणि वडलांचं नाव छापलंय तसंच अक्षर न् अक्षर घाला. BHARMA छापलं असेल तर भरमाण्णा करू नका. आणि ज्यांच्याकडं तिथला रेसिडेन्स व्हिसा आहे त्यांना हा नियम लागू नाही, फक्त त्यांचं तेच एक नाव फर्स्ट नेम आणि सरनेम दोन्हीकडं घातलेलं असावं लागतं.

आता तिकीट. विमान कंपन्यांच्या सिस्टीमला दोन रकाने लागतातच, एक रिकामा सोडता येत नाही, टिंब किंवा डॅश घेत नाही. कुठली कंपनी तेच नाव दोनदा लिहायला सांगते, कुठली पहिल्या नावाच्या जागी FNU म्हणजे फर्स्ट नेम अननोन लिहायला सांगते, कुठं आडनावाच्या जागी LNU म्हणजे लास्ट नेम अननोन चालतं. यातलं एकच सगळीकडं चालतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी कंपनीला पासपोर्टची दोन्ही पानं आणि व्हिसा जोडून मेल केला, नाव कसं घालू विचारलं, आणि उत्तर आलं की दोन्हीकडं तेच नाव घाला. मग तिकिटावर असं आलं:

```
YALLUBAI/YALLUBAI MRS
```

तिरक्या रेघेच्या आधी सरनेम, नंतर नाव. त्या मेलची प्रिंट काढून आत्याच्या पर्समध्ये ठेवली, कारण काउंटरवर रोज माणूस वेगळा असतो आणि लेखी असलं की वाद होत नाही. अजून एक, वेब चेक-इनला पीएनआर आणि लास्ट नेम मागतं, तिथंपण YALLUBAI हेच घालायचं, लोक तिथं सवयीनं घरचं आडनाव टाकतात आणि बुकिंग सापडत नाही म्हणून रडकुंडीला येतात. मधे विमान बदलायचं असेल आणि दुसरी कंपनी असेल तर दोन्ही तिकिटं शक्यतो एकाच बुकिंगमध्ये काढा, नाहीतर एकावर नाव दोनदा आणि दुसऱ्यावर FNU असं होऊन बसतं.

अमेरिकेचं थोडक्यात सांगतो. डीएस-१६० फॉर्ममध्ये उलटं आहे, पासपोर्टवरचं एकच नाव सरनेममध्ये जातं आणि गिव्हन नेममध्ये FNU लिहायचं. व्हिसाच्या स्टिकरवर तसंच छापून येतं, घाबरायचं कारण नाही. आणि इथं आपल्याकडची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. काहींच्या पासपोर्टवर सरनेम रिकामं असतं पण गिव्हन नेममध्ये MARUTI PARASHRAM PATIL असं सगळं एकत्र असतं. यूएईला हे एकच नाव धरत नाहीत, शब्द तीन आहेत म्हणून. अमेरिकेच्या फॉर्मात मात्र ते तिन्ही शब्द सरनेममध्ये जातात आणि पुढं FNU येतं. पाटील एवढंच तोडून सरनेममध्ये घालायचा मोह होतो, घालू नका, पासपोर्टवर ते तोडलेलं नाही. कॅनडावाले म्हणतात नाव फॅमिली नेममध्ये घाला आणि गिव्हन नेम रिकामं सोडा, तिथं FNU, स्टार, नॉट अॅप्लिकेबल असलं काही लिहायचं नाही. दोन देश, एकाच माणसाला, दोन उलट उत्तरं. म्हणून शेजाऱ्याच्या मुलानं अमेरिकेला काय भरलं ते बघून कॅनडाचा फॉर्म भरू नका.

हे सगळं झालं तरी माझं मत विचाराल तर, वेळ हातात असेल तर पासपोर्टच दुरुस्त करून घ्या. पन्नाशीच्या आतली बाई असेल, पोरं बाहेर असतील, तर हा प्रश्न दर फेरीला येणार. आधी आधारवर आडनाव चढवा, पॅन असेल तर त्यावरपण, कारण पासपोर्टवाले तेच मागणार. मग पासपोर्ट सेवा पोर्टलवर रिइश्यूचा अर्ज, कारण म्हणून वैयक्तिक माहितीत बदल. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १५०० रुपये. कुठली कागदपत्रं लागतील ते पोर्टलवरच्या डॉक्युमेंट अॅडव्हायझरमध्ये तुमची परिस्थिती निवडून बघा, नवऱ्याचं आडनाव लावायचं असेल आणि माहेरचं लावायचं असेल तर यादी वेगळी येते. अर्ज भरायच्या आधी हातात चालू व्हिसा किंवा काढलेलं तिकीट नाही ना हे नक्की करा. नवा पासपोर्ट नव्या नावानं आणि व्हिसा जुन्या, असं झालं की परत काउंटरवर उभं राहायची वेळ येते.

आत्या आल्यावर आम्ही तिचा अर्ज भरायला बसलो. मी सासरचं आडनाव टाईप करायला लागलो तशी म्हणाली, "थांब की जरा, कुठलं घालतोस ते तरी विचार." मग मी हात काढला आणि विचारलं. तिनं बराच वेळ घेतला, चहा झाला, मग सासरचंच सांगितलं, आणि स्पेलिंग मात्र पोराच्या पासपोर्टवर आहे तसंच पाहिजे म्हणाली. ते तिचं अगदी बरोबर होतं. पोराचा पासपोर्ट व्हॉट्सअॅपवर मागवला, एक अक्षर वेगळं निघालं, आणि मी भरत होतो ते पुसून त्याच्यासारखं केलं.