नाणं न टाकता पाणी: आमच्या मशीनला क्यूआर बसवला तेव्हा

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात बसस्टँडजवळ माझा छोटा आरओ प्लांट आहे. बाहेरच्या भिंतीत मशीन बसवलंय, लोक त्याला पाण्याचं एटीएम म्हणतात. पाच रुपयांचं नाणं टाकलं की वीस लिटरचा जार भरतो. उन्हाळ्यात सकाळी सहाला रांग लागते, आणि त्या रांगेत दर दुसऱ्या माणसाचा एकच प्रश्न असायचा: "दादा, पाचचं नाणं आहे का?" माझ्याकडची नाणी मीच सुट्टी करून द्यायची आणि संध्याकाळी मशीनच्या पेटीतून तीच परत काढायची. जुनं जाड नाणं आणि नंतरचं पातळ पिवळसर नाणं, दोन्ही मशीनला वेगवेगळी शिकवावी लागली होती, तरी एखादं मशीन थुंकून टाकायचंच.

मागच्या वर्षी आधी सोपा उपाय केला. छापील क्यूआर चिकटवला आणि बोलणारा डबा आणला. डबा 'पाच रुपये मिळाले' म्हणायचा, पण मशीनला ते कुठे ऐकू येणार? भाचा आत बसून हाताने बटण दाबायचा. तो कॉलेजला गेला की सगळं बंद. छापील कोडमध्ये फक्त माझा पत्ता असतो. रक्कम माणूस टाकतो आणि कुठल्या जारचे पैसे आले हे कोणालाच कळत नाही.

मग जळगावहून एका मशीनवाल्या पोराला बोलावलं. त्याने चार बोटं रुंद स्क्रीनचा, सिमकार्ड घातलेला एक डबा बसवला. बटण दाबलं की डबा सर्व्हरकडे मागणी पाठवतो आणि स्क्रीनवर त्या एका जारपुरता नवा कोड उमटतो. त्याच्या आत असं काहीसं असतं:

```
upi://pay?pa=pani@bank&pn=Pani&am=5.00&cu=INR&tr=W0417
```

`am` म्हणजे रक्कम, ती आधीच भरलेली. पण जीव आहे तो `tr` मध्ये. तो या मागणीचा नंबर. पैसे जमा झाले की पेमेंट कंपनी आपल्या सर्व्हरला सांगते, 'W0417 चे पाच रुपये आले'. सर्व्हर तो निरोप डब्याला पाठवतो आणि डबा मशीनला.

मशीनला काय सांगायचं, इथे मला गंमत वाटली. नाणं ओळखणारा भाग बोर्डाला एका तारेवरून विजेचे बारीक ठोके पाठवतो, त्याला पल्स म्हणतात. आमच्याकडे एक रुपयाला एक पल्स आणि एका पल्सला चार लिटर. नवा डबा त्याच तारेला जोडला आणि पैसे आल्यावर तोही पाच ठोके देतो. बोर्डात काहीच बदललं नाही. त्या बिचाऱ्याला आजही वाटतं, कोणीतरी नाणं टाकलं.

पहिल्याच आठवड्यात तक्रारी आल्या की मोबाइलने पैसे दिले की जार भरत नाही. मी मापून पाहिलं. कधी सोळा लिटर, कधी बारा. पाणी मोजणारं मीटर बिघडलंय असं आधी वाटलं, म्हणून खिशातलं नाणं टाकून पाहिलं, तर बरोबर वीस. म्हणजे मीटर ठीक. शिवाय तूट नेहमी चारच्या पटीत येत होती, एकदाही सतरा किंवा अठरा नाही. हे सांगितल्याबरोबर पोरगा फोनवरच म्हणाला, "काका, ठोके हरवताहेत." नाणं ओळखणारा भाग शंभर मिलिसेकंदांचा ठोका देत होता, डबा तीसचा. इतका छोटा ठोका म्हणजे तारेतली खरखर असं समजून बोर्ड काही ठोके सोडून देत होता. डब्यात तीसचे शंभर केले, दोन ठोक्यांमधली जागाही तेवढीच ठेवली, आणि जार काठोकाठ भरू लागला. पाच ठोक्यांना एखादा सेकंद लागतो, तेवढी वाट कोणी बघत नाही असं थोडंच आहे.

खरी फजिती एप्रिलमध्ये झाली. दुपारची वेळ. शेजारच्या गल्लीतल्या आजींनी नातवाच्या मोबाइलवरून कोड स्कॅन केला आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. डबा विझला. पण टॉवर बॅटरीवर चालू होता आणि मोबाइलला रेंज होती, त्यामुळे पैसे गेले. आजी माझ्या दारात: "पैसा ग्यात रे भाऊ, पानी काय उनं नही!" मी त्यांना दुसरा जार हाताने भरून दिला आणि विसरून गेलो.

आठ-दहा मिनिटांनी लाईट आली. डबा सुरू झाला, सर्व्हरशी जोडला गेला, आणि सर्व्हरने जपून ठेवलेला निरोप त्याच्या हातात दिला. पाच ठोके. नळाखाली जार नाही, माणूस नाही, आणि वीस लिटर फिल्टरचं पाणी रस्त्यावर! भर उन्हाळ्यात. पानटपरीवरचे दोघे धावत बादली घेऊन आले, अर्धी भरली.

कोड सर्व्हरकडून येतो, म्हणून डब्याची रेंज नसेल तर कोड उमटतच नाही, आणि स्क्रीनवर 'नाणं टाका' येतं. तिथे गोंधळ नाही. गोंधळ होतो तो कोड उमटल्यानंतर आणि निरोप पोचण्याआधीच्या अर्ध्या मिनिटात, कारण गिऱ्हाईकाचा मोबाइल आणि माझा डबा दोघं वेगळ्या रस्त्यांनी जातात. एकाचा रस्ता बंद पडला तरी दुसऱ्याला पत्ता नसतो.

आजींचे पैसे बँक आपोआप परत करेल, असं मला वाटलं होतं. रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम तसा आहे: दुकानदाराला यूपीआयने दिलेले पैसे खात्यातून कापले गेले आणि दुकानदाराकडे पेमेंट झाल्याची खात्री पोचली नाही, तर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, नाहीतर दिवसाला शंभर रुपये भरपाई. पण इथे पैसे माझ्या खात्यात नीट आले होते. बँकेच्या दृष्टीने व्यवहार पूर्ण. पाणी पडलं की नाही हे तिला कसं कळणार? म्हणजे परतावा मलाच द्यायचा होता.

मग पोराला परत बोलावून दोन गोष्टी करून घेतल्या. पहिली, प्रत्येक मागणीचं आयुष्य दोन मिनिटं. त्यानंतर निरोप आला तर डबा ठोके देत नाही, गप्प बसतो. दुसरी, ठोके दिल्यावर डब्याने सर्व्हरला 'दिले' असं उलट कळवायचं. दोन मिनिटांत ते उत्तर आलं नाही तर सर्व्हर `W0417` चे पैसे त्याच खात्यात परत पाठवतो, मला विचारत नाही.

दुसऱ्यात एक भोक आहे, हे पोराने स्वतःच सांगितलं. ठोके दिले, पाणी पडलं, आणि उत्तर जातानाच रेंज गेली, तर पाणीही गेलं आणि पैसेही परत. मी म्हटलं चालेल. असं महिन्यातून एखादवेळी घडतं, पाच रुपयांचा तोटा. आजींसारखं कोणी दारात येऊन उभं राहण्यापेक्षा तो मला परवडतो. डब्याला छोटी बॅटरीही लावली, त्यामुळे लाईट गेली तरी तो निदान शुद्धीवर असतो आणि नळ बंद असल्याचं स्क्रीनवर सांगतो.

नाण्याचं भोक मात्र तसंच ठेवलंय. बाजाराच्या दिवशी आसपासच्या पाड्यांवरून येणाऱ्यांकडे मोबाइल असतोच असं नाही, आणि आजी तर आता नाणंच टाकतात. नातवाला सांगतात, "तू तुझं स्कॅन कर, माझं राहू दे."