पत्रिका जुळली, रिपोर्ट राहिला

मी नागपुरात वधू-वर सूचक केंद्र चालवते. पाहण्याच्या कार्यक्रमात मुला-मुलीला बोलायला जेमतेम वीस मिनिटं मिळतात, तीही बैठकीच्या शेजारच्या खोलीत, दार अर्धं उघडं ठेवून. काय बोलायचं हे विचारायला मुलं आधी माझ्याकडे येतात. बहुतेकांना पगाराचं कसं विचारावं एवढंच हवं असतं. मागच्या उन्हाळ्यात आलेल्या एका मुलीच्या हातात मात्र कॉलेजच्या तपासणी शिबिरातला रिपोर्ट होता. सिकलसेल, एएस.

सिकलसेल हा आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार, आणि एएस म्हणजे ती वाहक. आजारी नाही, आणि पुढेही तिला सहसा काही त्रास व्हायचा नाही. प्रश्न येतो तो जोडीदारही वाहक निघाला तर. मग प्रत्येक गरोदरपणात बाळाला प्रत्यक्ष आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. जोडीदाराचं रक्त साधं एए असेल तर मूल फार तर वाहक होतं. आपल्या विदर्भात वाहक इतके आहेत की हा प्रश्न कुणाच्याही घरी निघू शकतो.

तिची आई म्हणाली, "सांगायचं काहून? पोरीला काही त्रासच नाही. लोक रोगीच समजतील."

आईची भीती खोटी नव्हती, असे लोक मी पाहिलेत. म्हणून बायोडाट्यात हे लिहायला मीही नको म्हटलं. तो कागद कुणाच्याही व्हॉट्सॲपवर फिरतो. पण भेटीत, दोघंच असताना, मुलाला सांगायचं. तेही सुरुवातीला नाही आणि अगदी उठता उठताही नाही. नोकरी-घराचं बोलणं झालं की लगेच, म्हणजे त्याला विचारायला वेळ उरतो. आवाज पाडून, गुन्हा कबूल केल्यासारखं तर मुळीच नाही.

त्रिमूर्तीनगरात मुलीकडे भेट झाली. बैठकीत कूलरच्या आवाजात मामा लोकांचं जमिनीच्या भावांवर चाललं होतं. आत तिनं काय सांगितलं ते मला नंतर तिच्याकडूनच कळलं. "मी सिकलसेल वाहक आहे. मला आजार नाही. तुम्हीही वाहक असाल तर मुलांना होऊ शकतो, म्हणून तुमचीही तपासणी व्हावी असं वाटते. उत्तर आज नको."

मुलगा जरा थांबला. म्हणाला, "खरं सांगू? थोडी भीती वाटली. मी कधी तपासलंच नाही." मग त्यानं विचारलं, "हे घरी सांगू, की माझ्याजवळच ठेवू?" हा प्रश्न मला फार आवडला. तिनं त्याचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायला सांगितलं. बाहेर आल्यावर मामांनी लगेच "मग, पेढे?" केलं. त्यानं आठ दिवस मागून घेतले.

पहिल्या तपासणीचा रिपोर्ट आल्यावर त्याचा मला घाबरून फोन आला. "ताई, पॉझिटिव्ह आलं!" ती सोल्युबिलिटी टेस्ट होती. रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे, एवढंच ती सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करावं लागतं. ते केल्यावर एएस निघालं. तोही वाहकच.

दोघं पुन्हा भेटले, यावेळी माझ्या ऑफिसात. मी चहा ठेवून बाहेर बसले. मुलीनं सगळी माहिती काढली होती. गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा नमुना घेऊन बाळाची तपासणी करता येते. ती तयार होती. पण तपासणीत आजार निघाला तर पुढचा निर्णय दोघांनाच घ्यावा लागणार होता. मुलगा म्हणाला, "तुमच्यात काही कमी नाही. पण तो निर्णय माझ्यानं होणार नाही, आणि हे तुम्हाला लग्नानंतर कळावं असं मला वाटत नाही." तिला वाईट वाटलं, थोडी रडलीही. मला विचाराल तर त्यानं जमवायला हवं होतं, इतकी समजूतदार जोडी क्वचित बसते. पण तिथं माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

जाताना त्यानं तिला विचारून घेतलं, घरी काय सांगू? ठरलं असं की त्यानं स्वतःचा रिपोर्ट दाखवायचा, तिचा उल्लेख करायचा नाही. तिच्या घरीही "त्यांचं जुळत नाही म्हणून कळवलं" एवढंच गेलं.

त्याचे वडील आधी भडकले. आमच्या घराण्यात असं काही नाही, म्हणाले. पण वाहकपण आई नाहीतर बाप, कुणातरी एकाकडून आलेलंच असतं, आणि त्याच्या धाकट्या बहिणीचं वर्ध्याला ठरलेलं होतं. त्या संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "ताई, ते तपासायचं कुठं? आणि तिकडच्या पोराला म्हणायचं कसं?" मी म्हटलं, पोरीलाच म्हणू द्या, तुमच्या मुलाला विचारून.