राउटर बदलला आणि खळ्यातला कॅमेरा गेला: माझा अनुभव

अमळनेरला घरी फायबरवाल्यांनी नवा राउटर बसवला. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले होते, मोबाईल लगेच जोडले गेले. पण स्मार्ट बल्ब मिनिटभर दिसून ऑफलाइन जायचे, आणि कॅमेरे तर एकदाही जोडले गेले नाहीत. खळ्यात कपाशीचा ढीग पडलेला, त्यामुळे वडिलांचा सारखा एकच प्रश्न, "कॅमेरा बंद शे का रे आजून?"

कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: "नेट चालू आहे ना? मग बल्ब खराब आहेत, रिसेट करा." त्यांनी राउटरची लाइन तपासली आणि तक्रार बंद केली. मी पुन्हा केली, पुन्हा बंद. घरातली सगळी उपकरणं एकाच दिवशी कशी बिघडतील, हे ऐकून घ्यायलाच कुणी तयार नव्हतं. सेटिंग बदलायचा ॲडमिन पासवर्ड मागितला तर "तो ग्राहकाला देत नाही". त्याचा राग अजून आहे. शेवटी लाइनमन दादांनी समोर उभं राहून तो टाइप करून दिला.

त्याआधी मी एक चाचणी केली होती, ती आधी सांगायला हवी होती. राउटर बंद करून मोबाईलचा हॉटस्पॉट त्याच नावाने, त्याच पासवर्डने, वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झ बँडवर चालू केला. बल्ब आणि कॅमेरे आपोआप जोडले गेले. दोष उपकरणांत नव्हता, हे तिथेच कळलं.

कारणं दोन निघाली. नवा राउटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ एकाच नावाखाली ठेवून उपकरणांना 5 कडे ढकलतो, त्याला `Band Steering` म्हणतात. बल्बांना 5 कळतच नाही. राउटर त्यांना सोडून देतो, ते पुन्हा येतात, पुन्हा सुटतात. `192.168.1.1` या राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन ते बंद केलं. जुनं नाव 2.4 ला ठेवलं आणि 5 ला नवं दिलं. हे उलटं करू नका, नाहीतर प्रत्येक बल्ब नव्याने जोडावा लागेल. बल्ब टिकले.

कॅमेरे मात्र तसेच. तिथे सुरक्षा WPA2/WPA3 मिश्र होती आणि `PMF` नावाचं जास्तीचं संरक्षण सक्तीचं होतं. जुन्या कॅमेऱ्यांना ही पद्धत ठाऊक नाही, त्यामुळे पासवर्ड बरोबर असूनही ते दारातच अडतात. 2.4 वर `WPA2-PSK (AES)` निवडून `PMF` बंद केलं आणि खळ्याचं चित्र दिसू लागलं. मोबाईल-लॅपटॉप 5 वर WPA3 वरच राहू द्या, तिथली सुरक्षा कमी करायचं कारण नाही. आणि उपकरणं गेस्ट नेटवर्कवर टाकू नका. तिथे ती बहुतेकदा घरातल्या मोबाईलला दिसत नाहीत.

बदलल्यावर सेटिंगच्या पानाचे फोटो काढून ठेवलेत. राउटर पुन्हा फॅक्टरी रिसेट केला गेला, तर हे सगळं मूळ जागी जातं.