वरचा अर्धा

दुपारी ओटा आवरून फोन बघितला, तर नणंदेने स्क्रीनशॉट पाठवलेला. सोबत एक अक्षर नाही. तोही वरून कापलेला. पांढऱ्या चौकटीत, 'हो, पण वहिनीला कळता कामा नये.' १:५२. खाली हिरव्यात, 'नाही सांगत. तू पण गप्प बस.' १:५३, दोन निळ्या टिका. मग पांढऱ्यात अंगठा.

वहिनी म्हणजे मी, हे मी चहाचं आधण ठेवायच्या आतच ठरवून टाकलं.

मग तपास. हिरवं उजवीकडे, म्हणजे ज्याच्या फोनवर हे टिपलं तो माणूस. तो फोन नणंदेचाच कशावरून? चित्रावर 'फॉरवर्डेड' नव्हतं, पण दुसऱ्याने दिलेला फोटो गॅलरीतून पाठवला तर ते येतच नाही. पांढऱ्याचं नाव वरच्या पट्टीत गेलं. ग्रुप असता तर हिरव्यानंतर आलेल्या अंगठ्याच्या डोक्यावर नाव दिसलं असतं. नाही, म्हणजे बोलणारे दोघंच. आणि पहिल्या पांढऱ्या चौकटीला ती बारीक शेपटी नव्हती. सलग मेसेजांत शेपटी फक्त पहिल्याला असते. म्हणजे हे 'हो, पण' म्हणायच्या आधी तोच माणूस आणखी काही बोलला होता, आणि ते कापलं. तारीखही वरच राहिली. १:५२ आजचे की गेल्या दिवाळीतले, कोण जाणे. वहिनी तरी जगात मी एकटीच आहे का?

चहा उतू गेला.

गावी पोस्टमन यायचा तेव्हा आजी आधी कार्डाचे कोपरे बघायची. तिला वाचता येत नव्हतं. एकदा कोपरा फाडलेलं कार्ड आलं. ती तिथेच पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "आत आणू नकोस. कोणाचं आहे ते तिथूनच वाच." मी तिसरीत होते. 'श्री' शोधत बसले, ते नव्हतंच. मजकूर सगळा शाबूत होता, पण आजीला लागलेलं सगळं त्या नसलेल्या कोपऱ्यातच कळलं होतं. नाव तेवढं माझ्याकडून हवं होतं. वाचून झाल्यावर कार्ड तिने बाहेरच चुलवणात घातलं आणि आंघोळीला गेली.

ओटा पुसून परत फोन उचलला, तर स्क्रीनशॉटच्या जागी मेसेज डिलीट केल्याची राखाडी ओळ. दोन मिनिटांत नणंदेचा फोन.

"वहिनी, जेवलीस का गं?"

"हो, मघाशीच. तू?"

"मी पण."

मग आम्ही बराच वेळ कैऱ्यांच्या भावाबद्दल बोललो.