बाईंनी ‘राजीनामा’ हा शब्द का खोडला

“बाई, अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीनंतर राजीनाम्याचं पत्र कसं लिहिलंत? आणि सगळ्यांचे आभार एका पत्रात कसे मावले?”

पत्रं दोन लिहिली. आधी मात्र एकच चार पानी लिहिलं होतं. वर ठळक अक्षरात ‘विषय : राजीनामा’, खाली आभार. आईच्या आजारपणामुळे मला मुदतीआधी थांबायचं होतं आणि माझ्या मनात तोच एक शब्द होता. आमच्या अनुदानित शाळेतल्या लिपिक भाऊंनी पत्र हातात घेतलं, पहिली ओळ वाचली आणि परत दिलं. म्हणाले, “बाई, हा शब्द आधी खोडा. बाकीचं मग वाचतो.”

त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. जून १९९७ ला लागल्यामुळे मला जुनी पेन्शन आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम ४६ सांगतो, की राजीनामा दिला की आधीची सेवा जप्त होते. म्हणजे अठ्ठावीस वर्षं शिकवलं, पण पेन्शनसाठी हिशेबात धरायला काही उरत नाही. नियम ६६ मात्र वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झालेल्याला किमान तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छेने निवृत्त होऊ देतो. काम सोडणं तेच, कागदावरचा शब्द वेगळा. हे शिक्षकांना कुणी आधी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून पहिलं पत्र सात ओळींचं झालं. मुख्याध्यापकांमार्फत संस्थेच्या सचिवांना. नाव, पद, रुजू झाल्याची तारीख, झालेली सेवा, “नियम ६६ अन्वये ३१ मे २०२५ रोजी कार्यालयीन वेळेनंतर स्वेच्छानिवृत्ती मिळावी”, आणि कारण एवढंच : कौटुंबिक. २५ फेब्रुवारीला दिलं, म्हणजे तीन महिने पुरे भरतात. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला. त्या पत्रात आभाराचा एकही शब्द नाही. ते सेवापुस्तकाबरोबर फिरणारं पत्र. तिथे भावना लिहिल्या तर नेमकी मागणी काय आहे ते शोधावं लागतं.

आभाराचं पत्र मंजुरी हातात आल्यावर, निवृत्तीच्या तोंडावरच दिलं. निवृत्तीच्या तारखेआधी नोटीस मागे घेण्याची विनंती करता येते. घरचं चित्र बदललं असतं तर मी ती केलीही असती. निरोप घेऊन पुन्हा वर्गात उभं राहणं मला जमलं नसतं.

आणि ते पत्रच अवघड गेलं. “सर्वांचे मोलाचे सहकार्य लाभले” हे वाक्य लिहिलं आणि थांबले. हे तर कुणीही, कुठल्याही शाळेला लिहू शकेल. मग ठरवलं, ज्याचे आभार मानायचे त्याचा एक तरी प्रसंग लिहायचा. प्रसंग आठवत नसेल तर आभार अजून माझ्या मनात नीट उमटलेच नाहीत, असं समजायचं. त्यातला थोडा भाग इथे देते.

“मामा, करोनात वाड्यांवरच्या मुलांकडे फोन नव्हते. मी काढलेले स्वाध्याय तुम्ही सायकलवरून घरोघर पोचवलेत आणि सोडवलेले कागद परत आणलेत. त्या वर्षी माझं गणित तुमच्या सायकलवर चाललं.

“सातवीच्या ज्या मुलीने ‘उणे गुणिले उणे अधिक का?’ असं विचारलं, तिला. ‘नियमच आहे’ असं मी म्हणाले आणि तुझा चेहरा पाहून रात्रभर बेचैन होते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ओळीने लिहिलं : उणे दोनला तीनने गुणलं तर उणे सहा, दोनने उणे चार, एकने उणे दोन, शून्याने शून्य. दर वेळी दोनची वाढ. मग उणे एकने गुणलं तर? ‘अधिक दोन!’ तूच ओरडलीस. पुढची सगळी वर्षं मी ते तसंच शिकवलं.”

त्या मुलीचं नाव पत्रात घातलं नाही. पत्र शिक्षकखोलीत लागणार होतं, आणि एका मुलाचं नाव आलं की बाकीची आपलं नाव शोधतात. तिला वेगळं लिहून कळवलं. बढतीच्या वेळची एक जुनी खंत होती, तीही पत्रात आणली नाही. ती संबंधितांना समोर बसून सांगितली.

शेवटचा परिच्छेद भाऊंनी तीनदा वाचला, म्हणून तोही देते :

“माझ्या कपाटाची किल्ली भाऊंकडे दिली आहे. वरच्या खणात जुन्या प्रश्नपत्रिका आहेत, हव्या त्याने घ्याव्यात. खालच्या खणात अकरा कंपासपेट्या आहेत. भूमितीच्या तासाला ज्याच्याकडे नसेल त्याला द्या. कुणाला दिली ते लिहून ठेवू नका, मी कधी ठेवलं नाही.”