स्कॅन केलेल्या लॉग-लॉग आलेखातून आकडे काढताना: माझा अनुभव

महापेच्या एमआयडीसीत आमचा छोटा प्लांट आहे. तिथल्या एका पंपाच्या सक्शनला जुना बास्केट स्ट्रेनर बसवलेला आहे. पंपाचा फ्लो ताशी 20 घनमीटरवरून 30 आणि जमलं तर 45 करायचा विचार सुरू झाला, तेव्हा साहेबांनी विचारलं, "स्ट्रेनर किती प्रेशर खाणार?" सक्शनला हा प्रश्न महत्त्वाचा, कारण तिथे गेलेलं प्रेशर थेट एनपीएसएचमधून, म्हणजे पंपाच्या तोंडाशी हाती राहणाऱ्या प्रेशरमधून वजा होतं, आणि ते कमी पडलं की पंप कॅव्हिटेट होऊ लागतो, म्हणजे त्यात वाफेचे बुडबुडे होतात. कॅटलॉगची पीडीएफ होती, पण ती म्हणजे जुन्या छापील पुस्तकाचं स्कॅन. प्रेशर ड्रॉपचा आलेख म्हणजे नुसतं चित्र.

पहिलं काम म्हणजे ते खरंच चित्र आहे का हे बघणं. पीडीएफमधला आलेख रेषांच्या स्वरूपात असेल तर कितीही झूम केला तरी धारदार राहतो, आणि मग त्या रेषांचे बिंदू फाईलमधूनच काढता येतात. इथे झूम केल्यावर अक्षरांचे चौकोन दिसू लागले. पॉपलर या पीडीएफच्या साधनसंचातली `pdfimages` ही कमांड त्या पानावर कुठली चित्रं आहेत, किती पिक्सेलची आहेत ते सांगते आणि मूळ चित्र जसंच्या तसं बाहेर काढते. स्क्रीनशॉट घेऊ नये. त्यात स्क्रीनच्या झूमप्रमाणे चित्र पुन्हा लहानमोठं होतं आणि हाती असलेली बारकाई वाया जाते.

```
pdfimages -list strainer.pdf
pdfimages -png -f 14 -l 14 strainer.pdf chart
```

आता आलेख. आडव्या अक्षावर फ्लो 1 ते 100, उभ्यावर प्रेशर ड्रॉप 0.01 ते 1 किलो प्रति चौरस सेंटिमीटर, ज्याला आमच्याकडे नुसतं 'केजी' म्हणतात. दोन्ही अक्ष लॉग. असा आलेख डोळ्यांनी वाचायला गेलं की हमखास फसगत होते. 10 आणि 100 च्या बरोबर मध्ये 55 नसतात, 31.6 असतात. मधल्या बारीक रेषांवर आकडे छापलेले नसले तर कुठली 30 ची आणि कुठली 40 ची हे मोजतानाही घोळ होतो.

चित्र गिंपमध्ये उघडलं. त्यात कर्सर नेला की खाली पिक्सेलचे आकडे दिसतात. कॅलिब्रेशनच्या आधी डावा अक्ष वरपासून खालपर्यंत तपासला, तर खालचं टोक 212 व्या पिक्सेलवर आणि वरचं 222 व्या. म्हणजे 1200 पिक्सेल उंचीत 10 पिक्सेलचा कल, जेमतेम अर्धा अंश. (इथे आणि पुढे आकडे हिशेब दिसावा म्हणून थोडे गोल केले आहेत.) स्कॅनरवर पान जरासं वाकडं ठेवलं गेलं की एवढं होतंच, आणि दिसायला आलेख अगदी सरळ दिसतो. पण चढत्या रेषेच्या आलेखात याचा परिणाम दोनदा होतो. वरचा भाग उजवीकडे सरकलेला असतो, उजवा भाग खाली गेलेला असतो, आणि दोन्हींमुळे वाचन एकाच बाजूला चुकतं. 30 च्या फ्लोला हा हिशेब करून पाहिला: तिरकं चित्र तसंच वाचलं असतं तर उत्तर सुमारे 6 टक्क्यांनी कमी आलं असतं. सक्शनच्या कामात कमी येणारं उत्तर जास्त वाईट. म्हणून आधी इमेजमॅजिकने चित्र सरळ केलं:

```
magick chart-000.png -background white -rotate -0.48 saral.png
```

मग कॅलिब्रेशन. प्रत्येक अक्षावर ज्यांचे आकडे छापलेले आहेत असे दोन बिंदू घ्यायचे, शक्य तितके लांब. मी टोकंच घेतली. अक्षाची रेष पाचसहा पिक्सेल जाड होती, तेव्हा दोन्ही कडांचे आकडे घेऊन मध्य काढला. फ्लो 1 आला 212 वर, 100 आला 1412 वर. लॉग अक्षावर एक दशक म्हणजे दहापट, 1 ते 10 किंवा 10 ते 100. दोन दशकांना 1200 पिक्सेल, एका दशकाला 600. उभ्या अक्षावर 0.01 होता 1510 वर आणि 1 होता 310 वर. चित्रात पिक्सेल वरून खाली मोजतात, त्यामुळे वजाबाकी उलटी लागते. स्प्रेडशीटमध्ये बी रकान्यात आडवा पिक्सेल, सी रकान्यात उभा:

```
=10^((B2-212)/600)
=0.01*10^((1510-C2)/600)
```

वेबप्लॉटडिजिटायझर हेच करतो. त्यात चार बिंदू दाखवून त्यांच्या किमती द्यायच्या आणि लॉगच्या खुणेवर टिक करायची. मला मात्र मधले आकडे डोळ्यासमोर हवे होते.

कॅलिब्रेशन बरोबर आहे की नाही हे त्याच चार बिंदूंवरून कळत नाही, ते तर जुळणारच. त्यासाठी न वापरलेल्या रेषा तपासायच्या. हिशेबाने 2 ची रेष 392.6 वर, 5 ची 631.4 वर आणि 10 ची 812 वर यायला हवी. चित्रात त्या 393, 631 आणि 813 वर सापडल्या. पुस्तकाच्या शिवणीजवळ कागद वळलेला असतो, तिथे रेषा दाटतात आणि हा ताळा बिघडतो. तसं झालं असतं तर मला हव्या त्या भागापुरतंच वेगळं कॅलिब्रेशन करावं लागलं असतं.

आता वाचन. 30 चा लॉग 1.477, त्याला 600 ने गुणून 212 मिळवले की 1098. त्या उभ्या ओळीत वक्ररेषेचा मध्य सापडला 874 वर. 1510 वजा 874 म्हणजे 636, भागिले 600 म्हणजे 1.06 दशक, आणि उत्तर 0.115 केजी. पाण्याच्या हेडमध्ये साधारण 1.15 मीटर. याच रीतीने 10 ला उभा पिक्सेल आला 1389, म्हणजे 0.016 केजी.

या दोन बिंदूंमधून आणखी एक ताळा मिळाला. दोन्ही अक्षांना एका दशकाला तेवढेच पिक्सेल असल्यामुळे रेषेचा चढ थेट घातांक देतो: 515 भागिले 286, म्हणजे 1.8. प्रेशर ड्रॉप फ्लोच्या सुमारे 1.8 व्या घाताने वाढतो. प्रवाह संथ असेल तर हा घातांक 1 च्या जवळ असतो, पूर्ण खळबळाट असेल तर 2 च्या. इथे 2.6 किंवा 0.7 आला असता तर कुठला तरी अक्ष चुकीचा धरलाय हे लगेच कळलं असतं. शिवाय त्याच पानावर मजकुरात 20 च्या फ्लोला 0.055 केजी असं छापलेलं होतं, आणि माझ्या वाचनातही 0.055 च आलं.

एक पिक्सेल म्हणजे 0.38 टक्के, म्हणून उत्तर तेवढं अचूक समजू नये. वक्ररेष स्वतः पाच पिक्सेल जाड, शिवाय ती मूळ कागदावर कुणीतरी हाताने ओढलेली. मी साहेबांना 0.115, अधिक-उणे 5 टक्के असं लिहून दिलं. आणि हे स्वच्छ पाण्याचं आणि स्वच्छ जाळीचं, कारण आलेखाच्या कोपऱ्यात तसं छापलं होतं. जाळी अर्धी तुंबली की त्याचा काही उपयोग नाही.

45 चा प्रश्न वेगळा. रेष 40 च्या आसपास संपत होती. लॉग-लॉगवर ती सरळ असल्यामुळे पट्टी लावून पुढे ओढायचा मोह होतो, आणि 1.8 चा घातांक धरून 0.24 केजी, म्हणजे 2.4 मीटर येतातही. पण रेष तिथेच का थांबवली हे कॅटलॉग सांगत नाही. तो आकडा मी वेगळ्या ओळीत, 'आलेखाबाहेरचा' असं लिहून दिला. साहेबांनी त्यावर पेन्सिलने गोल केला आणि तूर्त 30 पर्यंतच जाऊ म्हणाले. 45 करायचं ठरलं तर स्ट्रेनरच्या दोन्ही बाजूंना गेज बसवून आधी 40 वर मोजायचं ठरलंय.